बॉक्स विकणार की आंबा?

'सेल्स एक्झिक्युटिव्ह पाहिजेत. पदवीधर. बाइक आवश्यक. पगार अधिक इन्सेंटिव्ह.' मारुती मंदिरच्या आसपास चहा प्यायला थांबलात तर अशी एखादी पाटी दिसतेच. रिझल्ट लागल्यावर आपल्यातले निम्मे जण याच पाटीवरचा नंबर लावतात. मास कॉम केलेल्यांनाही न्यूजरूमच्या आधी सेल्सवाल्यांचेच फोन येतात, हे मी आपलं सहज सांगून ठेवते. गंमत म्हणजे त्या पाटीवर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लिहिलेलीच नसते. विकायचं कुणाला? घरच्या गिऱ्हाईकाला की धंदेवाल्याला? कॉर्पोरेट भाषेत यालाच बी टू सी आणि बी टू बी म्हणतात. नाव दोघांचं सेल्सच, पण दिवस कसा जाणार, पैसे कधी मिळणार आणि रात्री झोप कशी लागणार, हे सगळं त्यावर ठरतं.

कंपनीच्या नावावरून हे ओळखता येईल, या भ्रमात राहू नका. फिनोलेक्सचा पाइप आपल्या घराघरांत आहे, पण कंपनीचा सेल्समन तुमच्या घरी कधी येत नाही. तो डीलरकडे जातो. मिरजोळे एमआयडीसीतल्या गद्रे मरिनचं उदाहरण आणखी मजेशीर आहे. माशाच्या मांसाची सुरिमी ही दुसऱ्या कारखान्यांना लागणारी कच्ची वस्तू, ती विकणं म्हणजे सरळ बी टू बी. त्याच सुरिमीपासून केलेल्या क्रॅब स्टिक मॉलच्या फ्रीजरमध्ये ठेवून घरच्या ताटापर्यंत पोचवायच्या, तर ते ग्राहकांचं मार्केट. म्हणजे एकाच गेटमधून आत जाणाऱ्या दोघांच्या नोकऱ्या दोन वेगळ्या जगातल्या असू शकतात.

फरक नीट कळण्यासाठी आपल्या ओळखीची वस्तू घेऊ. हापूस. २०१८ मध्ये जीआय मिळाल्यापासून कोकणातल्या आंब्याच्या बॉक्सवर नाव, लोगो, क्यूआर कोड असं बरंच काही छापलं जायला लागलंय. तर कल्पना करा, एकाच कॉलेजातून बाहेर पडलेले दोघे जण आहेत. एक पुठ्ठ्याचे बॉक्स बनवणाऱ्या कारखान्यासाठी बागायतदारांना बॉक्स विकतो. त्याला आपण बॉक्सवाला म्हणू. दुसरी एका बागायतदाराकडे बसून पुण्या-मुंबईच्या घरांना फोनवर, व्हॉट्सॲपवर आंबा विकते. ती आंबेवाली. दोघांचं पोट एकाच झाडावर. पुढचे आकडे मी हिशेब समजावा म्हणून घेतलेत, तुमच्या ऑफर लेटरमधले आकडे त्यांच्या जागी टाकून बघा.

बॉक्सवाल्याचा सीझन दिवाळीनंतर सुरू होतो. झाडाला मोहोर यायचा असतो, आणि हा बागायतदाराच्या पडवीत सॅम्पल घेऊन हजर. तीन प्लाय की पाच प्लाय, कागद किती जीएसएमचा, एक डझनाचा की दोन डझनाचा, हवा खेळायला भोकं कुठे पाडायची, हे सगळं त्याला तोंडपाठ असावं लागतं. पहिल्या भेटीत ऑर्डर मिळत नाही. मिळाली तर उलट घाबरायचं, कारण बहुधा तो बागायतदार दुसऱ्या कारखान्याची उधारी थकवून तुमच्याकडे आलेला असतो.

दुसऱ्या भेटीत रिकामे सॅम्पल बॉक्स ठेवून यायचे. नुसते ठेवून नाही, तर भरून बघायला सांगायचं. आंब्याच्या वजनाइतकं काहीतरी भरून पाच-सहा बॉक्स एकावर एक रचायचे, आणि तीन-चार दिवस गोडाऊनमध्ये तसेच सोडायचे. आपल्या दमट हवेत कागद ओल खातो. सगळ्यात खालच्या बॉक्सच्या कडा बाहेर फुगल्या, कोपरे बसले, तर तो बॉक्स ट्रकमध्ये वाशीपर्यंत टिकणार नाही. कागद वाढवायचा की प्लाय, हे तिथेच ठरतं आणि त्याबरोबर भावही बदलतो.

आणि इथेच नव्या माणसाचा पाय घसरतो. त्याला वाटतं, मालक पटला की ऑर्डर पटली. बॉक्सवर सही मालकाची असते, पण बॉक्स रोज हाताळतो तो पॅकिंगचा मुकादम. झाकण पटकन बसत नाही, घडी घालताना पुठ्ठा फाटतो, असं त्याने एकदा मालकाच्या कानात सांगितलं की संपलं. तिसरा माणूस हिशेब बघणारा. बिलावर जीएसटी नंबर चुकला, चलनावर माल घेतल्याची सही नसली, तर तो काहीही न बोलता बिल बाजूला ठेवतो. महिन्याभराने विचारलं तर सांगतो, ''तुमचंच अडलंय.'' म्हणजे बॉक्सवाल्याला एका ऑर्डरसाठी तीन वेगवेगळ्या स्वभावांची माणसं सांभाळायची असतात. त्यातली दोन त्याच्याशी धड बोलतही नाहीत.

मग येतं छपाईचं. बागायतदाराचं नाव, बागेचा फोटो, मोबाइल नंबर. एकदा हे छापलं की तो माल दुसऱ्या कुणाच्याच कामाचा राहत नाही. अवकाळी पावसाने मोहोर गळाला, पीक निम्म्यावर आलं, तर उरलेले बॉक्स कुणाच्या गळ्यात? म्हणून शहाणा कारखाना छापण्याआधी ॲडव्हान्स घेतो, आणि माल एकदम न पाठवता तोडणी बघून टप्प्याटप्प्याने पाठवतो. हे बागायतदाराला जानेवारीत समजावून सांगायचं काम बॉक्सवाल्याचं. त्या वेळी झाडं मोहोराने भरलेली असतात आणि वाईट काही ऐकायला कुणी तयार नसतं.

आता आंबेवालीकडे येऊ. तिचा वेग अगदी उलटा. मार्चच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत धरले तर जेमतेम अडीच महिने. सकाळी आठला फोन सुरू. ''भाव काय?'', ''मागच्या वर्षी कमी होता'', ''देवगड की रत्नागिरी?'', ''कार्बाइड नाही ना?'' दिवसाला ऐंशी फोन, त्यातले साठ नुसतेच भाव विचारणारे. अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात सगळ्या महाराष्ट्राला एकाच दिवशी आंबा हवा असतो, आणि तोही पिकलेला. तिला माहीत असतं की चौदा आणे तयार झालेला आंबा उतरवून अढीत घातला तरी पिकायला आठवडाभर ते पंधरा दिवस जातात. म्हणजे त्या सणाच्या ऑर्डरची तारीख मागे मोजत न्यावी लागते. जिने हे मोजलं नाही तिच्याकडून गिऱ्हाईकाला सणाला हिरवा आंबा जातो, आणि त्याचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर.

दुसरी डोकेदुखी साक्याची. वरून पिवळाधम्मक, वास घमघमाट, कापला की आत पांढरट, स्पंजासारखा गर. हापूसचा हा जुना दोष, आणि बाहेरून तो ओळखता येत नाही. गिऱ्हाईक फोनवर ओरडतं ते आंबेवालीवर, झाडावर नाही. तिला अर्ध्या मिनिटात ठरवायचं असतं की हे खरं आहे की फुकट आंबे मिळवण्याचा प्रयत्न आहे. मला विचाराल तर तिची खरी कसोटी विक्रीत नाही, इथे आहे. कापलेल्या फळाचा फोटो मागायचा, किती फळं गेली ते विचारायचं, तेवढ्याची भरपाई पुढच्या पेटीत टाकायची, आणि पुढचा फोन आधीच्या फोनचा राग न ठेवता घ्यायचा. शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. सत्तराव्या फोनला करून बघा.

पैशाचा हिशेब आता मांडू. समजा बॉक्सवाल्याला महिना वीस हजार ठरलेत आणि वर एक टक्का इन्सेंटिव्ह. एका बागायतदाराने दहा हजार बॉक्स घेतले, तीस रुपये दराने, तर बिल झालं तीन लाखांचं आणि त्याचे सुटले तीन हजार. असे पंधरा बागायतदार त्याने बांधले तर सीझनचे पंचेचाळीस हजार. ऐकायला छान. पण 'एक टक्का' कशावर, बिलावर की वसुलीवर? बहुतेक ठिकाणी वसुलीवर, म्हणजे पैसे कारखान्याच्या खात्यात आल्यावर. बागायतदाराला तरी पैसे कुठे आधी मिळतात? आंबा वाशीला जाणार, दलालाकडून पट्टी येणार, मग इकडे बॉक्सचा चेक निघणार. म्हणजे डिसेंबरमध्ये पटवलेल्या ऑर्डरचं इन्सेंटिव्ह जुलै-ऑगस्टमध्ये हातात पडतं. दोन बागायतदारांनी उरलेले सत्तर टक्के थकवले तर चार लाख वीस हजार अडकले. त्याचं स्वतःचं नुकसान चार हजार दोनशेचंच, पण पावसात रोज त्याच दोन पडव्यांवर जाऊन बसण्याचं काम त्याच्याच वाट्याला येतं.

कायदा नाही का? आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि ती मुदत पंचेचाळीस दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही, असं २००६ चा एमएसएमई कायदा सांगतो. लेखी काही ठरलेलं नसेल तर पंधराच दिवस. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याला आयकराचीही जोड दिली. मुदत उलटली आणि आर्थिक वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही. त्यामुळे मासळीवर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीचा अकाउंटंट मार्चअखेर स्वतःहून फोन करतो. पण शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, त्यामुळे बागायतदारावर ही दुसरी छडी चालत नाही. बी टू बी म्हणजे सगळीकडे सारखंच, असं नसतं ते यामुळे. कुणाला विकताय त्यावर वसुलीचा वेग ठरतो. इंटरव्ह्यूमध्ये 'तुमचे गिऱ्हाईक कोण?' हा प्रश्न म्हणूनच आधी विचारा.

आंबेवालीचं बघू. महिना बारा हजार आणि डझनामागे वीस रुपये. एप्रिलमध्ये रोज सरासरी चाळीस डझन गेले तर बाराशे डझन, म्हणजे चोवीस हजार. वर पगार. एप्रिलमध्ये तिच्या हातात छत्तीस हजार, आणि बॉक्सवाल्याच्या हातात नुसते वीस. कट्ट्यावर त्या महिन्यात पार्टी कोण देणार ते सांगायला नको. पण पुढचे-मागचे दिवस थंड असतात. पूर्ण सीझनचे पंचाहत्तर दिवस धरले तर सरासरी रोजची पंचवीस डझन, एकूण अठराशे पंच्याहत्तर डझन, साडेसदतीस हजार. साका आणि फुटलेले बॉक्स यात पंचाहत्तर डझन परत गेले, त्यांचे दीड हजार कापले. राहिले छत्तीस हजार. तीन महिन्यांचा पगार छत्तीस हजार. म्हणजे एकूण बहात्तर हजार, महिन्याला चोवीस. वाईट नाही. मात्र जून उजाडला की आंबा संपतो आणि नोकरीही. बॉक्सवाला तेव्हा पगार घेत काजूवाल्यांना, मासळीवाल्यांना बॉक्स दाखवत फिरत असतो. आंबेवालीला दुचाकीच्या शोरूममध्ये, मोबाइलच्या दुकानात नाहीतर कोकम-काजूच्या ऑनलाइन ऑर्डरींवर नव्याने सुरुवात करावी लागते. तिच्यासाठी एप्रिलचा पगार हा एप्रिलचा नसतो, तो पावसाळ्याचाही असतो.

वर्षभर चालणाऱ्या ग्राहक-विक्रीतही लाट असतेच, फक्त तिचं कॅलेंडर वेगळं. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी येतात, दसरा-दिवाळीला शोरूममध्ये रांग लागते, आणि जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते तेव्हा मिरकरवाड्याच्या पैशावर चालणारी दुकानंही सुस्तावतात. टार्गेट मात्र कधीकधी बाराही महिने सारखंच लिहिलेलं असतं. जुलैचं टार्गेट ऑक्टोबरइतकंच असेल तर ते ठरवणाऱ्याने रत्नागिरीचा पाऊस पाहिलेला नाही, असं बिनधास्त समजा.

एक खर्च दोघांनीही मोजावा, पण बॉक्सवाल्याने जास्त. पेट्रोल. पावस, जयगड, राजापूर अशी भटकंती करत रोजचे साठ किलोमीटर धरले, महिन्याला बावीस दिवस, तर तेराशे वीस किलोमीटर होतात. बाइक पंचेचाळीसचं ॲव्हरेज देत असेल आणि पेट्रोल शंभरच्या वर असेल तर तीन हजार रुपये रस्त्यावर गेले. कंपनी किलोमीटरमागे देत असेल तर ठीक. 'पेट्रोल अलाउन्स दीड हजार फिक्स' असेल तर तुमच्या वीस हजारांतले दीड हजार तुम्हीच कंपनीला देताय. आपल्या घाटवळणांवर टायर आणि ब्रेक लायनर झिजतात, ते यात धरलेलेच नाहीत.

राहिला स्वभाव. ''मी खूप बोलते, मला सेल्स जमेल'' आणि ''मी लाजरा आहे, मला नाही जमणार'' ही दोन्ही वाक्यं मला पटत नाहीत. बोलघेवडा माणूस बागायतदाराच्या पडवीत बऱ्याचदा आपलंच नुकसान करतो, कारण तिथे दहा मिनिटं गप्प बसून मोहोराबद्दल ऐकून घ्यायचं असतं. खरा प्रश्न असा आहे की तुम्हाला कुठला नकार सोसतो. आंबेवालीला दिवसाला साठ नकार मिळतात, पण प्रत्येक नकार दोन मिनिटांचा. संध्याकाळी पाटी कोरी. बॉक्सवाल्याला वर्षातून पाच-सहाच नकार मिळतात, पण प्रत्येकामागे चार महिन्यांच्या फेऱ्या आणि सॅम्पल गेलेले असतात. शेवटी कुणीतरी बॉक्समागे पन्नास पैसे कमी लावतो आणि ऑर्डर तिकडे जाते. हे ज्याच्या मनाला आठवडाभर खात राहतं, त्याने तिकडे विचार करून जावं. आणि ज्याला परक्या माणसाचा चढलेला आवाज तासभर विसरता येत नाही, त्याने फोनवर बसण्याआधी विचार करावा.

स्वभाव कळायला कुठलीही ऑनलाइन टेस्ट नको. गणपती मंडळाचं काम केलंय ना? दारोदार वर्गणी मागणं हे ग्राहक-विक्रीचं छोटं रूप. बेल वाजवा, हसा, पावती फाडा, पुढचं दार. आणि मंडळाच्या स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करणं म्हणजे बी टू बी. पहिल्या खेपेला ''शेठ नाहीत'', दुसऱ्या खेपेला ''दर काय, मागच्या पानाचा काय?'', तिसऱ्या खेपेला मजकूर मिळतो आणि त्यात फोन नंबर चुकलेला असतो. स्मरणिका छापून झाली की पैशासाठी पुन्हा चार खेपा. यातलं कुठलं काम तुम्ही स्वतःहून मागून घेत होता आणि कुठलं दुसऱ्यावर ढकलत होता, ते आठवा. उत्तर मिळेल.

घरच्यांचं एक मत मात्र मला खटकतं. 'कंपन्यांना विकणारा' म्हटलं की तो साहेब, आणि 'दुकानात उभी राहणारी' म्हटलं की सेल्सगर्ल. पहिल्या वर्षी शिकायला मिळण्याचं म्हणाल, तर मी दुकानाच्या बाजूने आहे. दिवसाला वीस गिऱ्हाइकं हाताळणारीला आपलं काय चुकतं ते त्याच आठवड्यात कळतं. बॉक्सवाल्याला ते कळायला एक सीझन जातो, आणि तरीही ऑर्डर त्याच्यामुळे गेली की कागदाच्या भावामुळे, हे नक्की सांगता येत नाही. उलट पाच वर्षांनी बघितलं तर त्याच्याकडे जिल्ह्यातल्या पन्नास बागायतदारांचा विश्वास असतो. तो कारखाना बदलतो तेव्हा हा विश्वास बरोबर नेतो. तिच्याकडचे गिऱ्हाइकांचे नंबर मात्र मालकाच्या फोनमध्ये राहतात. ज्यांना दोन्ही हवंय त्यांनी आधी काउंटर आणि मग फील्ड असा क्रम लावायला हरकत नाही. उलटा क्रम मला अवघड वाटतो. महिनाभर एका ऑर्डरमागे फिरायची सवय लागलेल्याला दर दोन मिनिटांनी नवा चेहरा नको होतो.

म्हणून पाटीवरचा नंबर लावाल तेव्हा पगार किती, हे दुसऱ्या मिनिटाला विचारा. पहिल्या मिनिटाला विचारा की इन्सेंटिव्ह बिलावर आहे की वसुलीवर, माल परत आला तर दिलेलं इन्सेंटिव्ह कापतात का, आणि मागच्या वर्षी याच जागेवर असलेला माणूस आता कुठे आहे. शेवटच्या प्रश्नाला समोरचा अडखळला, तर त्या माणसाचा नंबर कुठूनही मिळवा.

आणि नेमणूकपत्र हातात आलं की त्यात नोकरी सोडण्याचं कलम शोधा. 'राजीनाम्याच्या तारखेपर्यंत वसूल न झालेल्या बिलांवर इन्सेंटिव्ह देय राहणार नाही' असं काही तिथे असेल, तर डिसेंबरपासून राबून जूनमध्ये नोकरी बदलणाऱ्या बॉक्सवाल्याचा सगळा सीझन त्या एका ओळीत जातो. सही करण्याआधी तिथे 'राजीनाम्यानंतर नव्वद दिवसांत झालेली वसुली धरली जाईल' एवढं घालून मागा. नाही म्हणाले तर निदान राजीनामा कुठल्या महिन्यात द्यायचा, हे तरी तुम्हाला आजच कळेल.